रिकामा ट्रे जास्त अडतो

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या फिल्मसोबत पाकिटात एक सीडी घालून देण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षं चालली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं दिलेल्या दोन-तीन डीव्हीडी, नाट्यगीतांच्या सीडी, मुलांच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण असा ऐवज अनेक घरांतल्या कपाटांत आजही सापडतो. तो वाचणारं यंत्र मात्र टेबलाखालच्या जुन्या कॅबिनेटमध्ये पडून असतं. मग एखाद्या दिवशी डॉक्टर जुना स्कॅन मागतात, धावाधाव होते, ड्राइव्हचं बटण दाबलं जातं. दिवा लुकलुकतो, आतून बारीकसा घुर्र आवाज येतो आणि ट्रे जागचा हलत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा घुर्र. चौथ्या-पाचव्या खेपेला कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘ड्राइव्ह गेला!’

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक्स सहसा टिकाऊ निघतं. आधी दगा देतात त्या दोन साध्या गोष्टी : ट्रे ढकलणाऱ्या मोटरवरचा रबरी पट्टा आणि डिस्क वाचणाऱ्या लेन्सचा पृष्ठभाग. पट्टा सैलावतो आणि लेन्सवर धूळ बसते. दोन्ही दोष वेगळे, दोन्हींची लक्षणं वेगळी, आणि कोणता दोष आहे ते स्क्रू न काढताही बरंचसं कळू शकतं. त्यासाठी बटण दाबल्यावर आत काय घडतं याचा क्रम माहीत हवा.

डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हच्या पुढच्या भागात, ट्रेच्या खाली, एक छोटी मोटर असते. तिच्या दांड्यावर लहान पुली, शेजारी मोठी पुली आणि दोन्हींवर चढवलेला रबरी पट्टा. मोठ्या पुलीला जोडून दोन-तीन प्लास्टिकची दातेरी चाकं असतात आणि शेवटचं चाक ट्रेच्या पोटाला असलेल्या दातांच्या पट्टीत अडकतं. मोटर थेट दातेरी चाकाला जोडली असती तर पट्ट्याची कटकटच नसती, असं वाटू शकतं. पण ट्रे बाहेर येताना वाटेत एखाद्याचा हात किंवा टेबलाचा पाय आला तर काहीतरी सरकायला वाव हवा. तिथे पट्टा घसरतो आणि दाते वाचतात. पट्टा वापरला की आवाजही कमी होतो. घसरणं हा पट्ट्याच्या कामाचाच भाग आहे. तक्रार सुरू होते ती तो नको तेव्हा घसरायला लागल्यावर.

तो नको तेव्हा घसरतो त्याचं एक ठरलेलं ठिकाण आहे आणि ड्राइव्ह दुरुस्त करणारे लोक तिथेच बघतात. बटण दाबल्यावर ट्रे लगेच बाहेर निघत नाही. आत बसलेली डिस्क एका फिरत्या बैठकीवर टेकलेली असते आणि वरून एक गोल चकती तिला दाबून धरते. या दाबासाठी स्प्रिंग नसते, चुंबक असतो. बैठक आणि चकती यांच्यापैकी एकात चुंबक, दुसऱ्यात लोखंडी पत्रा. दोघांच्या मध्ये डिस्क सापडते आणि फिरताना घसरत नाही. ट्रे उघडायचा तर आधी हे दोघं एकमेकांपासून सुटायला हवेत. म्हणून मोटर सुरुवातीला एक पट्टी आडवी सरकवते. त्या पट्टीतल्या तिरक्या खाचेमुळे बैठक, लेझर आणि मोटर यांची सगळी चौकट खाली झुकते, चुंबकाची पकड तुटते, आणि त्यानंतर ट्रेचे दाते चाकात येतात. सगळ्यात जास्त जोर लागतो तो पकड तुटण्याच्या त्या क्षणी. ट्रे पुढे ढकलणं त्या मानानं हलकं काम.

आता ड्राइव्ह रिकामा असेल तर? डिस्क १.२ मिलिमीटर जाडीची असते. ती मध्ये नसली की चुंबक आणि पत्रा तेवढे जवळ येतात, आणि चुंबकाची ओढ अंतर कमी होताच झपाट्यानं वाढते. म्हणून सैल पट्टा डिस्क आत असताना कसाबसा पकड सोडवतो, पण रिकामा ट्रे बंद करून ठेवला की हरतो. लोकांना हे उलटं वाटतं. रिकामा ड्राइव्ह उघडायला सोपा असायला हवा, असा आपला साधा हिशेब असतो. २००५ साली बाजारात आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्राच्या मालकांना पुढे याचा चांगलाच अनुभव आला. वापरून जुन्या झालेल्या यंत्रांचे ट्रे अडू लागले आणि ‘आत कायम एखादी डिस्क ठेवा’ हा सल्ला एकानं दुसऱ्याला देत तो सर्वतोमुखी झाला. सल्ला ऐकायला तोडग्यासारखा वाटतो, पण त्यामागे वरचा हिशेब आहे. घरच्या ड्राइव्हलाही तो तंतोतंत लागू पडतो. ट्रे अधूनमधून अडायला लागला असेल तर नको असलेली एखादी सीडी आत ठेवून द्यावी. पट्टा बदलेपर्यंतचे दिवस निघतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे कान. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, सेकंद-दोन सेकंद टिकतो, मग थांबतो आणि ट्रे तसाच, तर पट्ट्यावर संशय घ्यायला हरकत नाही. खात्री करायची असेल तर बटण दाबताना ट्रेच्या पुढच्या कडेला नखानं हलकी ओढ द्यावी किंवा ड्राइव्हच्या वरच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारावी. एवढ्या मदतीनं ट्रे निघाला म्हणजे मोटर ठीक, चाकं ठीक, जोर मध्येच कुठेतरी वाया जातो आहे. टकटक असा ठेक्यातला आवाज आला तर चाकाचा दाता तुटलेला असू शकतो. ट्रे बोटभर बाहेर येऊन परत आत गेला, तर वाटेत काहीतरी अडतंय. पुष्कळदा ते ड्राइव्हच्या आत नसतंच. ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये एखादा मिलिमीटर वाकडा बसवला की ट्रेची पुढची पट्टी कॅबिनेटच्या खिडकीला घासते. दोन स्क्रू सैल करून ड्राइव्ह सरळ केला की काम झालं.

आणि आवाजच आला नाही तर? मग पट्ट्याला दोष देऊन उपयोग नाही. वीज पोचत नसेल, बटण खराब असेल, किंवा संगणकानंच ट्रेला कुलूप घातलं असेल. एखादा प्रोग्रॅम डिस्क वाचत असताना संगणक ड्राइव्हला ‘उघडू नकोस’ असा आदेश देतो आणि बटण निकामी होतं. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करून Eject निवडावं. लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी पुरतात. पहिली कुलूप काढते, दुसरी ट्रे उघडते :

```
eject -i off
eject
```

सगळ्यात सोपी परीक्षा मात्र वेगळीच आहे. संगणक चालू केल्या केल्या, विंडोज सुरू व्हायच्या आत, ड्राइव्हचं बटण दाबायचं. तेव्हा कुलूप घालायला कुणी हजर नसतं. त्या वेळी ट्रे उघडला तर दोष प्रोग्रॅमचा, ड्राइव्हचा नाही.

एवढं करूनही ट्रे उघडत नसेल आणि आत महत्त्वाची डिस्क अडकली असेल तर ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर एक बारीक भोक शोधावं. टाचणी जेमतेम जाईल एवढं हे भोक कारखान्यातच याच कामासाठी ठेवलेलं असतं. आधी संगणक बंद करायचा, नुसता बंद नाही, भिंतीवरचं बटणही. कारण आत डिस्क मिनिटाला काही हजार फेऱ्या घेत असू शकते, आणि तार आत असताना मोटर सुरू झाली तर चाकाचे दाते जातात. मग एक जाडसर जेमक्लिप घेऊन तिची चार-पाच सेंटिमीटर तार सरळ करायची. मोबाइलचं सिम काढायची पिन इथे बहुधा तोकडी पडते आणि शिवणाची सुई आत निसटली तर निराळंच संकट. जुन्या ड्राइव्हवर हेडफोनचं भोकही असतं, ते बरंच मोठं. त्यात तार घालू नये.

तार भोकात अगदी सरळ, पट्टीला काटकोनात घालायची. काही अंतर ती मोकळी जाते, मग कशाला तरी टेकते. टेकली ती त्याच आडव्या पट्टीच्या यंत्रणेला, जिला एरवी मोटर सरकवते. इथे झटका न देता सावकाश दाब वाढवायचा. हाताला आधी अडथळा लागतो, मग काहीतरी सुटल्याचं स्पष्ट कळतं : चुंबकाची पकड तुटलेली असते. ट्रे साधारण सेंटिमीटरभर पुढे येतो. तार काढायची, ट्रेची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची आणि एकसारख्या हळू ओढीनं पूर्ण बाहेर घ्यायची. वाटेत चाकं उलटी फिरल्यानं कुरकुर आवाज येतो, तो चालतो. मध्येच ट्रे ठाम अडला तर मात्र थांबावं. डिस्कवरचा चिकटवलेला कागद सुटून आत गुंतल्याचं अशा वेळी सापडतं. लग्नाच्या डीव्हीडींवर नवरा-नवरीच्या फोटोचे गोल स्टिकर लावायची एके काळी हौस होती. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांच्या कडा उलगडतात आणि ट्रेच्या छताला अडकतात.

लॅपटॉपमधल्या पातळ ड्राइव्हची गोष्ट अगदी निराळी. तिथे ट्रे ढकलणारी मोटरही नाही आणि पट्टाही नाही. ट्रे एका आकड्यात अडकवलेला असतो, बटण दाबलं की एक छोटा विद्युतचुंबक आकडा सोडवतो आणि स्प्रिंग ट्रेला थोडं बाहेर लोटते, पुढचं ओढायचं काम आपलं. भोकातली तार तिथे थेट तो आकडाच सोडवते, त्यामुळे जोर लावायचीही गरज पडत नाही. काही टीव्हीजवळच्या डीव्हीडी प्लेअरना पुढे भोकच नसतं. त्यांच्या तळाला एक फट असते आणि तिच्यातून दिसणारं प्लास्टिकचं चाक स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फिरवलं की ट्रे सरकतो.

भोकातून ट्रे उघडला म्हणजे डिस्क सुटली, दुरुस्ती झाली नाही. पट्टा तसाच सैल आहे आणि पुढच्या वेळी पुन्हा जेमक्लिप शोधावी लागणार. पट्टा बदलायचा तर ट्रे उघडा ठेवूनच ड्राइव्ह कॅबिनेटमधून बाहेर काढतात. ट्रेच्या पुढची पट्टी खाचेतून सरकवून काढायची, मग दर्शनी चौकटीच्या बाजूच्या खुंट्या दाबून तीही मोकळी करायची. बऱ्याच ड्राइव्हमध्ये एवढ्यानंच पट्टा आणि दोन्ही पुल्या समोर दिसतात. दिसल्या नाहीत तर तळाचे चार स्क्रू काढून पत्रा उघडावा लागतो. खराब पट्टा ओळखायला वेळ लागत नाही. आतला पृष्ठभाग चकचकीत झालेला असतो, आणि टेबलावर ठेवला तर तो गोल न राहता पुल्यांवर ताणलेला असतानाचा लांबट आकार धरून पडतो. रबरानं तो आकार कायमचा स्वीकारलेला असतो. हे निव्वळ वापरानं होत नाही. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडून राहिलेला पट्टा रोज फिरणाऱ्या पट्ट्याइतकाच, कधी जास्तच, बिघडतो. म्हणूनच ‘वापरलाच नाही, मग बिघडला कसा?’ या प्रश्नाला ड्राइव्हच्या बाबतीत अर्थ उरत नाही.

नवा पट्टा कुठला घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. मॉडेलच्या नावानं तो क्वचितच मिळतो, मापानं मिळतो. त्यासाठी जुना पट्टा कात्रीनं एका ठिकाणी कापून पट्टीवर न ताणता सरळ ठेवायचा. समजा लांबी ८० मिलिमीटर भरली. हा ताणून वाढलेला पट्टा आहे, म्हणून साधारण पाच टक्के वजा करायचे : ७६ मिलिमीटर. याला ३.१४ ने भागलं की आतला व्यास येतो सुमारे २४ मिलिमीटर. जाडी जुन्याइतकीच घ्यायची. ड्राइव्हमधले पट्टे बहुधा चौकोनी काटाचे आणि मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाड असतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानांत जाताना जुना पट्टा सोबत असलेला बरा. कमी-जास्त मापाचे दोन-तीन घेऊन ठेवावेत, ही वस्तू महाग नाही. फार घट्ट पट्टा मात्र बसवू नये. मोटर कुंथते, ट्रे जोरात आदळतो आणि मोटरच्या दांड्यावर एका बाजूनं सतत भार येतो.

नवा पट्टा चढवण्याआधी दोन्ही पुल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसायच्या. काडीवर काळा थर येतो, तो जुन्या पट्ट्याचा झिजलेला रबर. तो राहिला तर नवा पट्टाही घसरतो. पट्टा चिमट्यानं बसवायचा, पीळ पडलेला नाही हे बघायचं आणि बोटांचं तेल त्याला लागू द्यायचं नाही. हाताशी नवा पट्टा नसेल तर काही कारागीर जुना पट्टाच कडकडीत पाण्यात काही मिनिटं टाकून काढतात. रबर थोडं आखडतं आणि ट्रे पुन्हा उघडू लागतो. हा उपाय खरा आहे, पण काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. आणि एक उपाय कुणीही करू नये : शिलाई मशीनचं तेल. अडलेल्या यंत्राला तेल घालायची आपली सवय इथे उलटते, कारण हा पट्टा घर्षणावरच जगतो.

ट्रे उघडला, डिस्क ठेवली, ट्रे बंद झाला. आता दुसरी तक्रार सुरू होते : डिस्क वाचतच नाही.

इथेही क्रम माहीत असला की निदान सोपं जातं. ट्रे बंद झाल्यावर लेझरची चौकट आधी डिस्कच्या मध्याकडे सरकते, कारण सीडी-डीव्हीडीची माहिती मधून बाहेरच्या दिशेनं लिहिलेली असते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. मग लेझर पेटतो आणि तुरीच्या डाळीएवढी एक प्लास्टिकची लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते. ती डिस्कचा चकाकता थर कोणत्या उंचीवर आहे ते शोधत असते. परत आलेला उजेड पुरेसा असेल तर थर सापडला असं धरलं जातं, डिस्क वेगानं फिरू लागते, आणि आतल्या कडेला लिहिलेली अनुक्रमणिका वाचली जाते. उजेड पुरेसा आला नाही तर यंत्राच्या दृष्टीनं आत डिस्कच नाही. समोर डिस्क ठेवलेली दिसते आहे आणि पडद्यावर ‘डिस्क घाला’ असा संदेश येतो, त्याचं कारण हे. लेन्सच्या या शोधात अचूकता केवढी लागते? डिस्क फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वर-खाली डुलू शकते, आणि लेन्सला मात्र थरापासूनचं अंतर एक-दोन मायक्रॉनच्या आत राखावं लागतं. त्यासाठी ती केसासारख्या बारीक तारांवर तोललेली असते आणि दोन छोट्या विद्युत वेटोळ्यांनी सेकंदाला शेकडो वेळा हलवली जाते.

हीच लेन्स तोंड वर करून बसलेली असते. संगणकाचा पंखा कॅबिनेटमधली हवा बाहेर फेकतो, तिची जागा घ्यायला ट्रेच्या फटीतून हवा आत शिरते आणि येताना घरातली धूळ आणते. कोरडी धूळ फारशी वाईट नाही. देवघराशेजारी ठेवलेल्या संगणकात उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघराच्या जवळ फोडणीची वाफ, कुठे सिगारेट, यांचा चिकट पापुद्रा लेन्सवर बसतो आणि धूळ त्याला धरते. डिस्कवरच्या धुळीचं एवढं बिघडत नाही. सीडीच्या खालच्या पृष्ठभागावर लेझरचा झोत अजून पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर आत, माहितीच्या थरावर, तो जेमतेम दीड मायक्रॉनवर येतो. म्हणून पृष्ठभागावरचा कण त्याला धूसर दिसतो, आणि लहानसहान चरे तर चूक सुधारणाऱ्या गणितात भरून निघतात. लेन्सवरचा पापुद्रा मात्र प्रत्येक क्षणी, प्रत्येक डिस्कला उजेड खातो.

साफसफाईचं साहित्य थोडकं आहे. कॅमेरेवाले वापरतात तो रबरी हवेचा फुगा, कापसाच्या काड्या, आणि मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच बसवलेली असते, ट्रे ओढला की समोर दिसते. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ती खोल असते. पट्ट्यासाठी उघडलेला ड्राइव्ह आणखी थोडा उघडून वरचं पत्र्याचं आवरण उचललं की हाताला येते. वीज बंद हवी, हे इथे दुहेरी महत्त्वाचं. लेझर डोळ्यांना घातक आहे आणि सीडीचा लेझर तर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळपास अदृश्य. पेटलाय की नाही हे डोकावून बघण्याचा मोह टाळावा.

आधी फुग्यानं तिरकी हवा मारायची, म्हणजे खडे उडून जातात आणि पुसताना चरे पडत नाहीत. मग काडीचं टोक अल्कोहोलनं ओलसर करायचं. निथळतं नको, नाहीतर थेंब लेन्सच्या कडेनं आत उतरतो. काडी लेन्सवर ठेवून स्वतःच्या वजनाइतक्याच दाबानं दोन-तीन गोल फेऱ्या, मग कोरड्या काडीनं एक फेरी. लेन्स खाली दबते, दचकू नये, ती तारांवर आहे. बोटानं रेटली तर मात्र तारा वाकतात आणि मग त्यावर उपाय नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव, थिनर, पेट्रोल यांनी लेन्सचं प्लास्टिक पांढरं पडतं. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे शिंतोडे बसतात. बाजारात ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ सीडी मिळते. साध्या गाण्यांच्या प्लेअरमध्ये ती कोरडी धूळ उडवते, चिकट थरापुढे तिचं चालत नाही आणि वेगानं फिरणाऱ्या संगणकी ड्राइव्हमध्ये तिचे ब्रश लेन्सवर आपटतात. तिच्यापेक्षा काडी बरी.

लेन्स पुसून झाल्यावर तपासणीला तीन डिस्क हाताशी असाव्यात : कारखान्यात छापलेली गाण्यांची किंवा व्हीसीडीची एक, छापलेली चित्रपटाची डीव्हीडी एक, आणि घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली डीव्हीडी एक. एक उदाहरण घेऊ. २००८ सालच्या लग्नाची डीव्हीडी वाचत नाही म्हणून ड्राइव्ह उघडला, पट्टा बदलला, लेन्स पुसली. आधी तिन्हींपैकी एकही डिस्क ओळखली जात नव्हती. आता व्हीसीडी चालते, चित्रपट चालतो, लग्न मात्र अडकतं. याचा अर्थ लेन्स आणि लेझर दोन्ही जागेवर आहेत, दोष बहुतेक त्या डिस्कचा आहे. लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या थरात असते, म्हणून तिची खालची बाजू जांभळट दिसते. उन्हानं, उष्णतेनं तो रंग विरतो. अशी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघावी. एका यंत्राला न वाचलेली डिस्क दुसरं यंत्र निमूटपणे वाचतं, असं वरचेवर घडतं, आणि वाचली की त्याच बैठकीत तिची नक्कल करून घ्यावी.

उलट, व्हीसीडी उत्तम चालते आणि एकही डीव्हीडी चालत नाही, असं झालं तर? सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेझर ड्राइव्हमध्ये असतात, पुढची लेन्स बहुधा एकच. लेन्स पुसूनही एकच जात पूर्ण गप्प राहिली तर त्या जातीचा लेझर गेला असं धरायला हरकत नाही. हळूहळू मरणाऱ्या लेझरची आणखी एक खूण आहे. छापलेली सीडी आपल्यावर पडलेल्या उजेडातला निदान ७० टक्के परत पाठवते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू केवळ १५ ते २५ टक्के. त्यामुळे उजेड कमी पडू लागला की आधी आरडब्ल्यू हरवतात, मग लिहिलेल्या डिस्क, आणि छापलेल्या सगळ्यात शेवटी. धूळही याच क्रमानं त्रास देते, म्हणून पुसल्याशिवाय लेझरवर आळ घेऊ नये. पुसूनही फरक पडला नाही तर काही जण लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून त्याला जास्त वीज देतात. डिस्क काही दिवस वाचली जाते आणि मग लेझर कायमचा जातो. एखादी शेवटची डिस्क उतरवून घ्यायची असेल तरच तो जुगार.

तडा गेलेली डिस्क मात्र तपासणीलासुद्धा आत घालू नये. मधल्या भोकापासून निघालेली बारीक चीर उजेडासमोर धरली की दिसते. ५२ पट वेगाचा ड्राइव्ह डिस्कला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या देतो, त्या वेगाला अशी डिस्क आतच फुटते. तिचे तुकडे लेन्सच्या तारा तोडतात आणि ट्रेच्या खाली अशा जागी जाऊन बसतात की भोकातली तारही त्याला हलवू शकत नाही.

लेझरच गेला असेल तर डेस्कटॉपच्या ड्राइव्हचा लेझर बदलत बसण्यात राम नाही. यूएसबीवर चालणारा पातळ बाहेरचा ड्राइव्ह शेजाऱ्याकडून मागून आणला तरी घरातला साठा उतरवून घेता येतो. त्यात लॅपटॉपसारखीच आकड्याची यंत्रणा असते, त्यामुळे पट्ट्याची भानगड नाही. त्याचा एक हट्ट माहीत असावा. डिस्क फिरवायला सुरुवात करताना तो एका यूएसबी जागेच्या नेमस्त विजेपेक्षा जास्त वीज ओढतो. कॅबिनेटच्या पुढच्या जागेत किंवा लांब वायरीला जोडला तर डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरायला लागते, आणि हे लक्षण मळक्या लेन्ससारखंच दिसतं. तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला थेट लावावा. सोबत दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावावीत, आणि मगच त्याच्या लेन्सकडे वळावं.